ऐकलं 'कॅन', होतं 'कान्ट'

परवा आमच्या टीममधल्या एका पोराच्या अप्रेझलच्या कागदावर एक ओळ वाचली आणि डोकं फिरलं. 'कम्युनिकेशन स्किल्स सुधारण्याची गरज.' पोरगा परभणीकडचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे औरंगाबादेत इंजिनिअरिंग. कोड असा लिहितो की रिव्ह्यू करताना मला नवीन काहीतरी शिकायला मिळतं. मग ही ओळ का? तर तीन महिन्यांपूर्वी अमेरिकेतल्या क्लायंटच्या आर्किटेक्टने एक तासाचं डिझाईन सेशन घेतलं होतं. त्यात तो एका वाक्यात म्हणाला होता, 'वी कॅन्ट ड्रॉप द ओल्ड कॉलम इन धिस रिलीज.' आमच्या पोराने ऐकलं, 'वी कॅन ड्रॉप.' त्याने मायग्रेशनच्या स्क्रिप्टमध्ये तो कॉलम उडवला. टेस्टच्या डेटाबेसवर बिलिंगचे रिपोर्ट दीड दिवस कोरे आले. नशीब की ते टेस्टवरच होतं.

नंतर मीटिंग झाली आणि सगळ्यांनी सल्ले दिले. "इंग्लिश पिक्चर बघत जा रे." "बीबीसी लावून ठेव, कान बसतो." एका सीनिअरने तर ॲक्सेंट ट्रेनिंगच्या क्लासचा पत्ता दिला. म्हणजे ऐकण्याचा प्रॉब्लेम, आणि औषध बोलण्याचं! पोरगा मान हलवत होता. ती मान मी ओळखतो, कारण दोन वर्षं मी तशीच हलवली आहे.

माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल.

मी मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा. 2006 साली एम. एस. करायला अमेरिकेत गेलो आणि पहिल्याच सेमिस्टरला अल्गोरिदम्सचा कोर्स घेतला. टोफेल चांगला गेला होता, त्यामुळे माझं इंग्रजी उत्तम आहे अशी माझी समजूत होती. प्राध्यापक भला माणूस, पण बोलायचा सुसाट. पहिल्या तासाला तो सारखा 'अरे, अरे' म्हणतोय असं मला ऐकू येत होतं. दहा मिनिटांनी लक्षात आलं की तो 'ॲरे' म्हणतोय. आपण ते 'ॲ'वर जोर देऊन म्हणतो, तो 'अ' जवळपास गिळून 'रे'वर जोर द्यायचा. 'पॅरामीटर'चं त्याच्या तोंडी 'परॅमडर' व्हायचं. 'डेटा' 'डेडा' व्हायचा. हे सगळे शब्द मला चौथ्या सेमिस्टरपासून येत होते. कागदावर.

मग आला ग्राफचा तास. कुणा 'डाइक्स्ट्रा' नावाच्या माणसाची, एका बिंदूपासून बाकी सगळ्या बिंदूंपर्यंतचे सर्वांत कमी खर्चाचे रस्ते शोधायची पद्धत. फळ्यावर चित्र होतं, ते मी उतरवलं. मधेच तो एक वाक्य बोलून गेला, ते मी वहीत लिहिलं: निगेटिव्ह वजनाच्या कडा असू शकतात. घरी येऊन पुस्तकाच्या सूचीत 'डी-वाय-के' असं शोधलं. सापडलं नाही. पुस्तकात 'डी-आय-जे-के-एस-टी-आर-ए' असा एक जण होता, पण त्याला मी मनात 'डिज्कस्त्रा' म्हणून वाचून पुढे गेलो. हा डच माणूस आहे, त्यांच्याकडे 'आय-जे' मिळून साधारण 'आय' असा उच्चार होतो, हे मला कोण सांगणार? म्हणजे कानाने ऐकलेला माणूस आणि डोळ्यांनी वाचलेला माणूस माझ्या लेखी दोन वेगळी माणसं राहिली. वहीतलं चुकीचं वाक्य पुस्तकाशी ताडून बघायची शक्यताच संपली.

मिडटर्मला नेमका प्रश्न: काही कडांचं वजन निगेटिव्ह असेल तर कोणती पद्धत वापराल? मी छातीठोकपणे डाइक्स्ट्रा लिहिलं. शून्य मार्क. ती पद्धत तिथे का चुकते ते तीन बिंदूंतही दिसतं. अ पासून ब पर्यंत खर्च 2, अ पासून क पर्यंत 3, आणि क पासून ब पर्यंत उणे 2. ही पद्धत सगळ्यात जवळचा बिंदू आधी उचलते, ब चा खर्च 2 असा पक्का करून टाकते आणि परत त्याच्याकडे वळत नाही. खरं तर क वरून गेलं तर ब फक्त 1 मध्ये मिळतो. प्राध्यापक वर्गात हेच म्हणाला होता: 'यू कॅन्ट हॅव निगेटिव्ह एजेस.' मी ऐकलं होतं 'यू कॅन.'

आता हे असं का होतं, इकडे नीट लक्ष द्या. सगळ्या सल्लेबाजांची गाडी इथेच घसरते.

शाळेत आपल्याला 'कॅन' आणि 'कान्ट' असे दोन शब्द शिकवले. त्यांतले स्वरच वेगळे, त्यामुळे घोळ होत नाही. अमेरिकन माणूस दोन्हीकडे 'ॲ'च लावतो. शिवाय वाक्याच्या ओघात 'कान्ट'मधला शेवटचा 'ट' तो सोडत नाही, घशातच अडवतो. उरतं 'कॅन', पूर्ण वजनाचं. आणि साधं 'कॅन' म्हणायचं असेल तेव्हा तो ते इतकं आखडतं घेतो की त्याचं 'क्न' होतं. 'यू क्न हॅव.' आपल्या कानाला 'क्न' हा शब्दच वाटत नाही, तो निसटून जातो. आणि ठसठशीत 'कॅन' ऐकू आलं की आपण निर्धास्तपणे 'करता येतं' असं लिहितो. म्हणजे सगळ्यात स्पष्ट ऐकू आलं असं जिथे वाटतं तिथेच अर्थ बरोब्बर उलटा झालेला असतो. ऐकू आलं नसतं तर निदान विचारलं तरी असतं!

यात कुणाचं इंग्रजी कच्चं नाही. मराठी बोलताना आपण साधारणपणे प्रत्येक अक्षराला त्याच्या वाट्याचं वजन देतो. इंग्रजीची चाल वेगळी आहे. त्यात एका शब्दातल्या एका अक्षरावर भार पडतो आणि बाकीची अक्षरं चुरगळली जातात. तिथल्या माणसाचा कान लहानपणापासून तो भार पकडून शब्द कुठे सुरू झाला ते ओळखतो. आपण इंग्रजी आधी डोळ्यांनी शिकलो. प्रत्येक शब्दाचं छापील रूप घेतलं आणि त्याला मनातल्या मनात आपला सरळ, सपाट उच्चार जोडला. शब्दांचा साठा भरपूर आहे, फक्त त्याच्यावरच्या चिठ्ठ्या चुकीच्या आवाजाच्या आहेत.

आणि हे फक्त गोऱ्यांचंच असतं असं समजू नका. पुस्तकी मराठी शिकून आलेल्या माणसाला 'तू कुठे चालला आहेस' पक्कं येत असेल, पण 'कुठं चाललायस' म्हटलं की तो गडबडतो. 'पाहिजे'चं 'पायजे' आपण रोज करतो. त्याला कुणी म्हणेल का, बाबा रे, तुझं मराठी कच्चं, जा, मराठी सिनेमे बघ?

आता एकेक औषध बघू.

पहिलं, 'हळू करून ऐक'. रेकॉर्डिंग असेल तर वेग पाऊण करता येतो. मी खूप केलं. त्याने विचार करायला थोडा वेळ मिळतो हे मान्य. पण प्राध्यापकाने गिळलेला 'ट' वेग अर्धा केला तरी परत येत नाही, कारण तो रेकॉर्डिंगमध्ये नाहीच. 'कॅन' फक्त 'कॅऽऽन' होतं. त्यापेक्षा मूळ वेगात ऐकून प्रत्येक वाक्यानंतर थांबवणं बरं. कानाला खरा आवाज मिळतो आणि डोक्याला उसंतही मिळते.

दुसरं, 'खूप ऐक, आपोआप कान बसेल'. हे अर्धसत्य आहे, आणि म्हणून जास्त घातक. कान बसतो, हे खरं. अनोळखी हेलाचा इंग्रजी बोलणारा भेटला तर तिथल्या लोकांचाही कान आधी अडखळतो आणि लवकरच सरावतो. पण तो सरावतो कसा? कारण बोलणाऱ्याने कोणता शब्द उच्चारला हे त्यांना बाकीच्या वाक्यावरून कळलेलं असतं. 'हा आवाज म्हणजे तो शब्द' अशी जोडी लागते आणि कान आपली मापं सरकवतो. जिथे शब्द कोणता होता हेच कळत नाही, तिथे जोडी कशाशी लावणार? मग तास न् तास ऐकूनही तोच शब्द तसाच निसटत राहतो. मी सेमिस्टरभर आठवड्याला तीन तास त्या प्राध्यापकाला ऐकलं आणि तरीही शेवटपर्यंत त्याचं 'कॅन' मला 'कॅन'च वाटत होतं.

तिसरं औषध आपल्या सगळ्यांना प्रिय, म्हणजे मराठी सबटायटल्स. इथे मी वाईटपणा घेतो. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या दोन संशोधकांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी उत्तम येणारे डच विद्यार्थी घेतले. त्यांना सवय नसलेल्या हेलातलं इंग्रजी ऐकवलं. काहींना एका ऑस्ट्रेलियन मालिकेतलं, काहींना 'ट्रेनस्पॉटिंग' या स्कॉटिश सिनेमातलं. एका गटाला खाली इंग्रजी अक्षरं, एकाला डच, एकाला काहीच नाही. मग त्याच बोलणाऱ्यांची आधी न ऐकवलेली वाक्यं ऐकवून, ऐकू आलं तसं म्हणून दाखवायला सांगितलं. इंग्रजी अक्षरंवाल्यांचा कान सुधारला होता. डच अक्षरंवाले मात्र काहीच अक्षरं नसलेल्यांपेक्षाही मागे पडले!

विचार केला तर उघड आहे. खाली मातृभाषेत अर्थ आला की डोकं म्हणतं, कळलं, आता आवाजाकडे कशाला बघू? शब्द आणि आवाज यांची जोडी लागतच नाही. याचा अर्थ मराठीतून शिकू नये असा अजिबात नाही. ग्राफ म्हणजे काय, खर्च कसा मोजायचा, हे मराठीतून समजलं तर दुधात साखर, आणि ते आधी समजलेलं असलं तर लेक्चर कित्येक पटींनी सोपं जातं. पण विषय समजणं हे एक काम आणि कान तयार करणं हे दुसरं. पहिल्या कामाला मराठी हवी, दुसऱ्याला तीच भाषा अक्षरांत हवी. दोन्हींची खिचडी केली की कान उपाशीच राहतो.

माझा कान सुधारला तो दुसऱ्या सेमिस्टरला, तोही योगायोगाने. त्या कोर्सच्या लेक्चर्सचं रेकॉर्डिंग व्हायचं, आणि वर्गात एक कर्णबधिर विद्यार्थिनी होती म्हणून एक बाई बसून शब्दन् शब्द टाईप करायची. तो मजकूर सगळ्यांना मिळायचा. मी रोज रात्री रेकॉर्डिंगमधलं फक्त एक मिनिट घ्यायचो. आधी मजकूर न बघता ऐकायचं आणि ऐकू येईल ते लिहायचं. मग टाईप केलेल्या मजकुराशी ताडायचं आणि प्रत्येक चुकीपुढे अक्षर टाकायचं. शब्दच माहीत नव्हता तर 'न'. शब्द माहीत होता पण ओळखू आला नाही तर 'ओ'. सगळं ऐकू आलं पण आधीच्या वाक्यात अडकून मागे पडलो तर 'म'. मग मजकूर समोर ठेवून तेच मिनिट दोनदा ऐकायचं, आणि शेवटी मजकूर झाकून एकदा.

पहिल्या रात्रीची वही अजून माझ्याकडे आहे. एका मिनिटात 23 चुका. 'न' 3, 'म' 4, आणि 'ओ' 16. हा आकडा बघितला आणि पहिल्यांदाच छातीवरचं ओझं उतरलं. शब्द पाठ करत बसायची गरज नव्हती. मला आधीच येणारे सोळा शब्द नव्या आवाजात भेटायचे होते, एवढंच. आणि गंमत म्हणजे त्या सोळात बहुतेक फुटकळ मंडळी होती: 'कॅन', 'ऑफ', 'देम', 'वूड हॅव'. मोठे शब्द फळ्यावर असायचेच. महिन्याभरात 'ओ'ची संख्या निम्म्यावर आली. तुमची वही 'न'ने भरली तर गोष्ट वेगळी, मग खरंच आधी शब्द हवेत. 'म' जास्त असतील तर विषय आधी वाचून जा, कारण तिथे कान नव्हे, डोकं दमतंय. पण हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि 'इंग्रजी सुधार' म्हणणाऱ्यांनी कधीच मोजलेलं नसतं.

तो मजकूर मला मिळाला हे त्या मुलीचे उपकार. आज एमआयटी किंवा हार्वर्डचं लेक्चर नेटवर लावलं की खाली धड अक्षरं दिसतात, तीही कुणी आपल्यासारख्यांची कणव येऊन दिलेली नाहीत. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने 2015 साली या दोन्ही विद्यापीठांवर खटले भरले, कारण लेक्चर्सना अक्षरं नव्हती किंवा असली तर चुकीची होती. हार्वर्डशी तडजोड 2019 मध्ये झाली, एमआयटीशी 2020 मध्ये. भांडले ते, आणि आयतं मिळालं ते परभणीच्या पोराला. आपोआप उमटणारी अक्षरं मात्र जपून वापरा. अनोळखी हेल आणि तांत्रिक शब्द एकत्र आले की तीही आपल्यासारखीच दगा देतात. नकार, आकडे आणि नावं फळ्याशी किंवा पुस्तकाशी ताडून बघितल्याशिवाय खरी मानू नका.

आता खरी तक्रार. आत्तापर्यंत सगळं ऐकणाऱ्याने काय करावं ते सांगितलं. बोलणाऱ्याचं काय? अमेरिकन आर्किटेक्टचं सोडा, आपल्याच हिंजवडीतल्या ऑफिसात केटी सेशन कसं होतं बघा. एक तमिळ किंवा बंगाली सीनिअर, त्याच्या इंग्रजीला त्याच्या भाषेचा हेल, आणि ऐकणारी पोरं सातारा, नांदेड, चंद्रपूरची. दोन तासांत चार वर्षांची सिस्टीम उरकायची. स्लाईड्स? 'नंतर मेल करतो.' रेकॉर्डिंग? 'बघू.' शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' आणि सगळ्यांच्या माना. त्या माना म्हणजे समजल्याची पावती नव्हे. समजलं नाही हे बारा जणांसमोर कबूल करण्याची किंमत अप्रेझलच्या कागदावर वसूल होते, हे पोरांनी पाहिलेलं असतं.

माझ्या मागण्या फार नाहीत. स्लाईड्स आदल्या दिवशी द्या, म्हणजे नावं आणि शब्द डोळ्यांखालून गेलेले असतील. जे नाव तोंडाने घ्याल ते एकदा लिहूनही दाखवा, म्हणजे डाइक्स्ट्रा आणि डिज्कस्त्रा एकच माणूस राहील. नकार द्यायचा असेल तेव्हा 'कॅन्ट' न म्हणता पूर्ण 'कॅनॉट' म्हणा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' नुसते तोंडाने सोडू नका, आकडा लिहा. आणि शेवटी 'समजलं का' विचारण्याऐवजी कुणाला तरी आपण ठरवलेल्या तीन गोष्टी परत सांगायला लावा. या सगळ्याला दोन तासांत दहा मिनिटं जास्त लागतील. आमचे दीड दिवस गेले होते.

ज्याला ही दहा मिनिटं जड वाटतात त्याने खुशाल वेगात बोलावं. पण मग समोरच्याच्या कागदावर 'कम्युनिकेशन' लिहू नये. कम्युनिकेशन दोघांत होतं. तुटलं तर दोघांचे मार्क कापा.

असो. काल मी त्या पोराला घेऊन बसलो. त्या सेशनचं रेकॉर्डिंग शेवटी क्लायंटकडून मागून घेतलं होतं, ते नेमकं वाक्य लावलं. चार वेळा ऐकलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "दादा, हे तर अजूनही 'कॅन'च ऐकू येतंय." मग मी त्याला त्याच माणसाची साध्या 'कॅन'वाली तीन वाक्यं लिहून दिली आणि ऐकवली. तिसऱ्या वाक्याला तो हसला. "आयला, हा 'कॅन' म्हणतच नाही!"

अप्रेझलच्या त्या ओळीवर मी हरकत नोंदवली आहे. सोमवारी एचआरकडे मीटिंग आहे. रेकॉर्डिंग घेऊनच जाणार आहे, आणि आधी त्यांनाच विचारणार आहे: ऐका आणि सांगा, 'कॅन' की 'कान्ट'?